ओल्या पायाचा ठसा

आमच्या दारात एक काळा दगड होता. आंघोळीच्या पाण्याच्या हौदाशेजारी आबांनी तो बसवून घेतला होता, चांगला घोटीव. साताऱ्याला फौजेची भरती निघाल्याची बातमी आली की गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची पोरं सकाळी सकाळी आमच्या दारात यायची. आबा हातात चहाचा पेला धरून बाजेवर बसलेले असत. पोरानं हौदात पाय बुचकळायचा, दगडावर दाबून ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. ठशात टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या अंगाला कोरडी खाच दिसली की आबा म्हणायचे, "जा, पळायला लाग." आणि सगळा तळवा भाकरीसारखा पसरलेला दिसला की म्हणायचे, "गाडीभाडं घालवू नगंस बाळा. तुला घेत न्हाईत."

आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. शेवटची काही वर्षं त्यांची नेमणूक भरतीच्या कचेरीत होती, दारावर. आत डॉक्टर तपासायचे, बाहेर आबा रांग लावायचे. पोरं हातपाय धुऊन ओल्या पायांनी आत जायची आणि त्यांचे ठसे सिमेंटच्या फरशीवर उमटायचे. सपाट ठशाची पोरं बहुतेक मान खाली घालून बाहेर येताना आबांनी पाहिली होती. आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण दारावर उभं राहून त्यांनी आपलं एक शास्त्र बनवलं, आणि पेन्शनीत आल्यावर ते गावाला फुकट वाटायला घेतलं.

गाव त्यांना मानायचं. आमच्या गावात घरटी एकजण तरी फौजेत होता, आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर तर पोरांना दुसरं काही सुचतच नव्हतं. भरतीहून नापास होऊन परत येणं म्हणजे गावभर नाचक्की. ती नाचक्की आबा दारातच मिटवून टाकायचे, म्हणून लोक त्यांचे उपकारच मानायचे. पोरींचे ठसे मात्र कुणी बघत नसे. त्यामुळे माझे पाय सपाट आहेत हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी शेतात अनवाणी हिंडले, उसाच्या सरीत पाणी धरलं, डोक्यावर वैरणीचे भारे आणले, आणि पायांनी कधी चकार शब्द काढला नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी सांगलीच्या एका दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत गेले. सहज नाही गेले. आईची दोन वर्षांची कुरकुर, आत्यानं आणलेलं एक स्थळ आणि माझं एक दिवसाचं उपोषण एवढं सगळं ओलांडून गेले. आबांनी अखेर परवानगी दिली ती एका अटीवर. सुरुवातीचे महिने प्रोबेशनचे असतात, त्यात टिकलीस तर शिक. नाही टिकलीस तर घरी यायचं, आणि आत्याच्या स्थळाला होकार द्यायचा. मी तावातावानं हो म्हटलं. मी टिकणार नाही असं काही असू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग पाय दुखायला लागले.

वॉर्डातली ड्युटी म्हणजे उभ्याचं काम. सकाळी चादरी बदला, भांडी उचला, डॉक्टरांच्या फेरीत मागे उभ्या राहा, औषधाच्या ट्रॉलीशी उभ्या राहा. खुर्ची असायची ती सिस्टरची. अंगात पांढरा गणवेश आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ असा की खालच्या फरशीचा गारवा वर लागावा. दुपारपर्यंत तळव्याच्या आतल्या बाजूला ठणका लागायचा. संध्याकाळी तो घोट्याच्या आत, हाडाच्या मागून वर चढायचा आणि पोटऱ्या दगड व्हायच्या. रात्री खोलीत मी पाय भिंतीला वर लावून पडायची. माझ्या खोलीतली मैत्रीण कवठे महांकाळची होती, कोरडवाहू शेतकऱ्याची पोर, बोलायला माझ्याहून तिखट. ती म्हणायची, "तुझ्या पायास्नी सासरला जायची घाई झाल्याय वाटतं."

मी कुणाला सांगितलं नाही. प्रोबेशनमधली मुलगी पाय दुखतात म्हणाली की तिचं नाव मेट्रनच्या मनात लाल अक्षरात जातं, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. खरंखोटं देव जाणे. मी बँडेजची गुंडाळी करून बुटात तळव्याच्या पोकळीखाली घालायची. तास दोन तास खरोखर बरं वाटायचं. मग ती गुंडाळी सरकून टाचेखाली जायची, फोड यायचा, आणि ट्रॉलीमागे उभी राहून मी दात आवळून सहन करायची.

आम्हाला सकाळी कवायत शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी एकदा माझे पाय पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तुझे पाय सपाट आहेत. पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत जा रोज, बोटं आवळून. महिन्यात कमान येईल." असं कुणी खात्रीनं सांगितलं की मला हुरूप येतो. मी दुसऱ्याच दिवसापासून लागले. हॉस्टेलच्या व्हरांड्यात बाहेरच्या कडांवर बदकासारखी फेऱ्या मारायची. ड्युटीवरही, कुणाचं लक्ष नसलं की तशीच चालायची. आणि बाप तशी लेक. रोज सकाळी न्हाणीघरातून आले की फरशीवर ओला पाय दाबून ठसा बघायची, खाच पडली का.

खाच काही पडली नाही. ठसा तसाच, भाकरीसारखा. दुखणं मात्र वाढलं. आतून दुखत होतं, आता बाहेरून घोटेही दुखायला लागले. मी व्यायाम सोडून दिला. पाय मुळातच कुचकामी आहेत, त्यांना कितीही घासलं तरी काही होणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मला घरी जायचं नव्हतं. मला ते काम आवडायला लागलं होतं; म्हातारी बाई कुशीवर वळवताना तिला कसं धरायचं, ताप उतरल्यावर माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे सगळं मला माझं वाटायला लागलं होतं.

अशातच एका रविवारी आबा भेटायला आले. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काकवीची बाटली. मी ड्युटीवरून नुकतीच आले होते, पाय धुतले होते, आणि ते व्हरांड्यात उभे आहेत म्हटल्यावर तशीच ओल्या पायांनी धावत गेले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं फरशीकडे पाहिलं. मी वळून पाहिलं तेव्हा समजलं. न्हाणीघरापासून त्यांच्यापर्यंत माझ्या पायांची अख्खी रांग उमटली होती, एकापाठोपाठ एक, एकाही ठशाला खाच नाही.

"कवापास्नं दुखतंय?" त्यांनी विचारलं. मी लंगडत असल्याचं मला वाटत नव्हतं, पण लंगडत असणार.

मी म्हटलं, "दुखत न्हाई आबा." माझ्या बोलण्यात गावची भाषा आली की मी खोटं बोलतेय हे त्यांना कळायचं.

ते पायरीवर बसले. रागावले नाहीत, हेच वाईट होतं. दारातल्या पोरांशी बोलायचे त्याच आवाजात, त्याच मऊपणानं म्हणाले, "हे बघ पोरी, ह्येच्यात तुजा काय दोष न्हाई. पाय जलमाचा असतो. पर सपाट पायाच्या माणसानं उभ्याची नोकरी करू न्हाई. फौजंत घेत न्हाईत ते काय येडं म्हणून न्हाई. उद्या मी तुमच्या बाईंशी बोलतो आन् परवा आपुन जाऊ."

मी खूप बोलले. आवाजही चढवला. ते ऐकून घेत राहिले. त्यांच्या दृष्टीनं माझी तपासणी झाली होती. इतक्या पोरांना त्यांनी ज्या मापानं मोजलं तेच माप लेकीला लावायचं नाही, तर ते कसले हवालदार? हे मला त्या वेळीही कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त संतापले होते.

त्या रात्री आबा गूळपेठेत उतरले, आमच्या भावकीतल्या एका पुतण्याकडे. मी त्याला दादा म्हणायची. तो पेठेत एका अडत्याकडे हमाल होता, गुळाच्या ढेपा वाहायचा. गावातला सगळ्यात जोरात पळणारा पोरगा तो. ओढ्यापलीकडच्या माळावर पळायला लागला की बघणाऱ्यांनी कामं सोडून बघावं. लढाईच्या वर्षीच तो आमच्या दारात ठसा द्यायला आला होता. आबांनी दगडाकडे पाहून त्याला परत पाठवलं. तो भरतीला गेलाच नाही. मोठ्या माणसानं सांगितलं, विषय संपला. काही महिन्यांनी सांगलीला आला आणि इथलाच झाला. आबांना तो नाना म्हणायचा, आणि त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. उलट आबा सांगलीत आले की त्याच्याच खोलीत उतरायचे आणि तो त्यांच्यासाठी मटणाचा बेत करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर बाईंसमोर उभे राहिले, टोपी हातात घेऊन. बाईंनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "इतके दिवस दुखतंय आणि दवाखान्यात राहून तू कुणाला दाखवलं नाहीस? शहाणीच आहेस." मग आबांकडे वळल्या. "न्यायचं असेल तर न्या. पण आज हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी आहे. आधी त्यांना दाखवू. तुम्हीही या." आबा तयार झाले. डॉक्टर काय सांगणार, हे त्यांना आधीच माहीत होतं.

हाडांचे डॉक्टर बारीक, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. त्यांनी मला जमिनीवर सरळ उभं केलं आणि मागून टाचांकडे पाहिलं. कधीपासून, कुठे, केव्हा जास्त, सकाळी उठल्यावर की संध्याकाळी, सूज येते का, लहानपणी दुखायचे का, असं विचारत गेले. आबा कोपऱ्यात उभे होते. न राहवून म्हणाले, "साहेब, ठसा घ्या की. पाणी मागवू का?"

"लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "टेबलाला हात लाव आणि चवड्यावर उभी राहा. टाचा उचल, जितक्या वर जातील तितक्या."

मी उभी राहिले.

"आता बघा," ते आबांना म्हणाले. "इकडे या, खाली वाकून बघा."

आबा आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मला माझे पाय दिसत नव्हते, आबांचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू बदलला. माझ्या तळव्याच्या आतल्या बाजूला, जिथे खाच नव्हती तिथे, कमान उभी राहिली होती. डॉक्टरांनी बोट घालून दाखवली. मी टाचा टेकल्या, कमान गेली. परत उचलल्या, परत आली. टाचांची हाडंही वर जाताना आत वळत होती, तेही त्यांनी दाखवलं. मग मला उभं ठेवूनच पायाचा अंगठा हातानं वर उचलला, तशीही कमान आली.

आबा म्हणाले, "परत एकदा करायला सांगा." मी परत केलं. त्यांनी आणखी एकदा करायला लावलं. माझ्या पोटऱ्या भरून आल्या तरी मी करत राहिले.

डॉक्टरांनी मग मला बसवलं, घोटा सगळ्या दिशांनी फिरवून पाहिला, गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकललं. तिथे मी ओरडले. पोटरी ताठ आहे, म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही, कारण पुढे नोकरीत किती जणींना मी तेच सांगितलं.

ते म्हणाले, "हा पाय लवचिक आहे. उभं राहिलं की खाली बसतो, उचलला की उठतो. असे पाय पुष्कळ लोकांचे असतात आणि बहुतेकांना काही त्रास होत नाही. ज्यांना त्रास नाही त्यांच्या पायांना मी हातही लावत नाही. हिचा आकार असाच राहणार. व्यायामानं ठशात खाच पडेल असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढ."

"मग व्यायाम बंदच केला ते बरं झालं," मी म्हटलं.

"नाही, ते चुकलं. व्यायाम करायचा तो ठशासाठी नाही, ताकदीसाठी. पाय उचलून धरणारे स्नायू दमले की दुखतं. ते मजबूत झाले तर दिवसभर टिकतील. पण दुखऱ्या पायावर कडेनं चालून घोट्यांना मारणं म्हणजे व्यायाम नाही."

त्यांनी मला शिकवलं. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवायचं, बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे तळव्याची पोकळी वर उचलली जाते. क्षणभर धरायचं, सोडायचं. ते जमलं की उभं राहून. मग खिडकीच्या गजाला धरून चवड्यावर वर जायचं, सावकाश खाली यायचं, आधी दोन्ही पायांवर, दुखणं न वाढता जमलं तर पुढे एका पायावर. आणि भिंतीला हात लावून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, पोटरी ताणायची. रोज थोडं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर कमी करायचं. आठवड्यात फरक शोधायचा नाही, महिने लागतात.

"आणि बुटात काही घालायचं?" सिस्टर ट्यूटर बाईंनी विचारलं. "ही बँडेजची गुंडाळी घालते, मैत्रीण सांगत होती." मैत्रिणीला मी संध्याकाळी पाहून घ्यायचं ठरवलं.

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "गुंडाळीनं बरं वाटायचं का?" मी हो म्हटलं, सरकेपर्यंत. "मग आधार घालून बघण्यासारखा आहे. दुखत असेल, दिवसभर उभं राहायचं असेल, तर जरूर बघावं. पण त्यानं पाय दुरुस्त होत नाही. चष्मा काढला की डोळा जसा होता तसाच, तसं आहे हे. बुटात आहे तोवर काम करतो. काही आठवडे वापर. दुखणं कमी झालं तर ठेव, नाही झालं तर फेकून दे, मला वाईट वाटणार नाही. आणि हे कॅनव्हासचे चिंधीबूट सोड. नाडीचा, टाचेला घट्ट धरणारा बूट असल्याशिवाय आतला आधार काय करणार?"

आधार म्हणजे चामड्याचा एक तळवा, आतल्या बाजूला बुचाचा उंचवटा. दवाखान्यातच पट्टे आणि कुबड्या बनवायची एक दुकानवजा खोली होती, तिथे माझ्या मापाचा करून मिळाला. पहिला फार उंच झाला, गोटा टोचावा तसा टोचत होता. परत जाऊन घासून घेतला. पहिल्या दिवशी तासभर, मग थोडं थोडं वाढवत नेलं. पुढचं आत्ताच सांगून टाकते. पहिल्या पंधरवड्यात मला फारसा फरक वाटला नाही. त्यानंतर एका दिवशी ड्युटी संपली आणि खोलीत येऊन गप्पा मारत बसले तेव्हा लक्षात आलं की पाय भिंतीला लावायचे राहिलेच. प्रोबेशन पार पडलं. वर्षभरानं सुटीच्या दिवशी मी आधाराशिवाय हिंडायला लागले, पुढे तो फक्त लांबलचक ड्युटीला घालायची. आधारानं बरं वाटलं, व्यायामानं, चांगल्या बुटांनी की पायांना नुसती सवय झाली म्हणून, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. तेही म्हणाले, सगळ्याचं थोडं थोडं असेल. ठसा आजही भाकरीसारखाच आहे.

पण त्या दिवशी ओपीडीत हे पुढचं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि आबांना विचारलं, "मग ठेवताय ना हिला?"

 आबांनी उलट विचारलं, "साहेब, भरतीला पन असंच बगत्यात काय? चवड्यावर?"

"मी लष्करात नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या माहितीप्रमाणे नुसत्या ठशावर काढत नाहीत. चवड्यावर उभं करतात, उड्या मारायला लावतात. पाय ताठ असेल, दुखत असेल तर नापास. हलता असेल, दुखत नसेल, पोरगा नीट पळत असेल तर घेतातही. शेवटी तपासणाऱ्यावर आहे."

"आत," आबा म्हणाले. "त्ये आत करत असतील."

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बाक होता, आबा त्यावर बसले. मी शेजारी उभी. मला माझं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "आबा, मी राहू ना?" ते माझ्या पायांकडे बघत होते, पण मला बघत नव्हते हे दिसत होतं. मला हो म्हणायला त्यांना एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. माझा ठसा चुकला असेल, तर बाकीचे ठसे? इतकी वर्षं, दर भरतीला, चहाचा पेला हातात घेऊन. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. 

बऱ्याच वेळानं ते उठले आणि म्हणाले, "चल पेठंत."

गूळपेठेत सौद्यांची वेळ उलटून गेली होती. अडत्याच्या गाळ्यात दादा ढेपा थप्पीला लावत होता. तीस किलोची ढेप पाठीवर, अनवाणी, गुळानं चिकट झालेल्या फरशीवरून. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. अगदी माझ्यासारखेच पाय, आडवे पसरलेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो असाच ओझी वाहायचा.

आबांनी त्याला थांबवलं. "तुजं पाय दुकत्यात का रं?"

"पाय?" दादा हसला. "न्हाई बा. पाठ दुकती कवा कवा."

"कंदीच न्हाई?"

"कंदीच न्हाई. का आवं नाना?"

"ढेप ठिव खाली," आबा म्हणाले. "आन् चवड्यावर उबा ऱ्हा."

दादानं माझ्याकडे पाहिलं.  त्यानं ढेप ठेवली, धोतराचा सोगा वर खोचला आणि गाळ्याच्या मधोमध चवड्यावर उभा राहिला. त्याला काही धरावं लागलं नाही. टाचा सरळ वर गेल्या आणि दोन्ही तळव्यांखाली कमानी उभ्या राहिल्या, माझ्यापेक्षा उंच, स्वच्छ, खालून उजेड दिसावा अशा.

आबा त्याच्यापुढे चक्क खाली बसले. चिकट फरशीवर, पेन्शनर हवालदार, इस्त्रीच्या धोतरासकट.  मी दादाला सांगितलं, डॉक्टरांनी काय दाखवलं ते, थोडक्यात. ठशावर कळत नाही. असं उभं करून बघायचं असतं. कदाचित घेतलं असतं, कदाचित नसतं, पण जाऊन बघायला हवं होतं.

दादा ऐकत होता. त्याचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती, भरतीचं वय कधीच निघून गेलं होतं. तो अजून चवड्यावरच उभा होता. थोरल्यांनी उभं राहा म्हटलं होतं, उतर म्हटलं नव्हतं. शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला लागली.

"हिला न्यायचं ठरलंय म्हनत हुता काल," तो आबांना म्हणाला.

आबांनी मान हलवली. "न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच तिला."

"बेस झालं," दादा म्हणाला. मग आबांच्या टोपीकडे बघत, अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं, "मग मी आता उतरू का, नाना?"